चौकशीच्या कामकाजात ‘सारलं’चं ‘ढकललं’ झालं, आता सही कोणी करायची?

गंगापूररोडवाली

नमस्कार मंडळी. इथे बरेच जण सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले आहेत, म्हणून विचारते. मी एका प्रेस शॉप असलेल्या कंपनीत एचआरला आहे, आठ महिने झाले. सध्या एका कामगाराची खातेनिहाय चौकशी चालू आहे. चौकशी अधिकारी बाहेरचे वकील आहेत. ते सांगतात आणि मी लॅपटॉपवर कामकाज टाइप करते. शिवाय शेजारी वहीत माझ्यासाठी कच्चं टिपून घेते, कारण माझा टाइपिंगचा वेग मलाच माहीत आहे.

आरोप दोन आहेत. दुसऱ्या पाळीत पॉवर प्रेस परवानगीशिवाय बंद केली, हा पहिला. सुपरवायझरला धक्काबुक्की केली, हा दुसरा. परवा तिसरी बैठक होती. कंपनीचे साक्षीदार संपले होते आणि कामगाराची उलटतपासणी चालू होती. आमच्या व्यवस्थापन प्रतिनिधींनी विचारलं, “तुम्ही सुपरवायझरच्या अंगाला हात लावला की नाही?” माणूस सुरगाण्याकडचा आहे, हळू बोलतो. तो काय म्हणाला ते माझ्या वहीत जसंच्या तसं आहे: “लावला. पण ढकललं नाही हो. गार्ड वर होता, साहेबांचा हात डायकडं चालला होता, म्हणून सारलं बाजूला.” गार्ड म्हणजे प्रेसवरचं संरक्षक झाकण, डाय म्हणजे त्यातला साचा.

वकीलसाहेबांनी मला सांगितलं ते असं: “मी सुपरवायझरना बाजूला ढकलले हे खरे आहे. त्या वेळी गार्ड उघडा होता.” मी टाइप केलं. प्रश्न लिहिलाच नाही, कारण सगळं निवेदनासारखं सलग लिहायची त्यांची पद्धत आहे.

शेवटी प्रिंट काढून सह्यांना ठेवली. कामगाराचा बचाव प्रतिनिधी त्याच्याच खात्यातला आहे, त्याने पान वाचलं आणि हळूच त्याला काहीतरी सांगितलं. हा म्हणाला, मी सही करणार नाही. साडेपाच वाजले होते, वकीलसाहेबांना दुसरीकडे जायचं होतं. आमचे मॅनेजर म्हणाले, “लिही खाली, सही करण्यास नकार दिला, आणि लाव फाईलला.” मी अजून लिहिलेलं नाही. पुढची बैठक सहा दिवसांनी आहे. मी काय लिहू? मुळात हे मी सांगायचं की गप्प बसायचं?

कॉलेजरोडची_मावशी

अगं, यात एवढं काय? आमच्या सोसायटीत मी सात वर्षं सेक्रेटरी आहे. मिनिट्स पुढच्या सभेत वाचायचे, कोणाची हरकत असेल तर दुरुस्ती करायची आणि सर्वानुमते कायम करायचे. पुढच्या तारखेला पहिला विषय हाच ठेव. आमच्याकडे पार्किंगवरून तीन सभा इतिवृत्तच कायम झालं नव्हतं, तरी सोसायटी चालूच आहे.

युनियनवाला_सातपूर

त्या कामगाराने एकदम बरोबर केलं. सही करूच नये. सही केली की कबुली झाली, मग “हरकत घेऊन” लिहा नाहीतर काही लिहा. आणि ताई, तुम्हीही काळजी करू नका, असं एक वाक्य जरी चुकीचं निघालं तरी लेबर कोर्टात अख्खी चौकशी उडते. माणूस मागच्या पगारासकट कामावर. आम्ही बघितलंय.

अण्णा_नाशिकरोड

मी निवृत्त माणूस. पंचवीसएक वर्षं चौकशी अधिकारी म्हणून सिन्नरपासून अंबडपर्यंतच्या कंपन्यांत बसलो. आधी मावशींना उत्तर देतो, कारण त्यांचा घोटाळा पुष्कळ एचआरवाल्यांचाही होतो.

मावशी, सभेचं इतिवृत्त म्हणजे सभेने काय ठरवलं त्याची नोंद. ती सभेचीच असते, म्हणून पुढच्या सभेने कायम केली की झालं. चौकशीतलं कामकाज म्हणजे एकेका माणसाचं सांगणं. ते बहुमताने कायम होत नाही. ज्याचं सांगणं, त्याने त्याच दिवशी वाचायचं, किंवा त्याला वाचून दाखवायचं, आणि खाली “वाचून पाहिले, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे” असं लिहून सही घ्यायची. सहा दिवसांनी कोणाला काय आठवतं? सुपरवायझरने मधल्या काळात चार जणांना किस्सा सांगितलेला असतो, कामगाराने घरी सांगितलेला असतो, आणि दोघांच्या आठवणीत तो आपापल्या सोयीने फुगलेला असतो.

आता मूळ प्रश्न. तुमच्या पानावर दोन चुका आहेत आणि त्या वेगवेगळ्या आहेत. शब्द बदलला, ही सगळ्यांना दिसणारी चूक. त्याहून मोठी चूक म्हणजे प्रश्न गाळला. “हे खरे आहे” असं वाक्य कामगाराच्या तोंडी कुठून आलं? कोणीतरी विचारल्याशिवाय माणूस “हे खरे आहे” म्हणत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, त्याने आपणहून कबूल केलं. हेच असं लिहिलं असतं तर:

प्र. तुम्ही सुपरवायझरच्या अंगाला हात लावला की नाही?
उ. लावला. पण ढकललं नाही. गार्ड वर होता, साहेबांचा हात डायकडं चालला होता, म्हणून बाजूला सारलं.

यात कंपनीचं काहीच गेलं नाही. हात लावल्याची कबुली आहेच. कंपनीने पुढचा प्रश्न विचारावा की बाबा, तोंडाने सांगता आलं नसतं का? तो का विचारला नाही, हे मला खरं तर तुमच्या प्रतिनिधींना विचारायला आवडेल.

एचआर_पाथर्डीफाटा

अण्णा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण जरा आमच्या बाजूनेही बघा. स्थायी आदेशांत कुठेही शब्दन्‌शब्द लिहा असं म्हटलेलं नाही. दोन्ही बाजूंच्या पुराव्याचा थोडक्यात सारांश आणि कामगाराचं म्हणणं नोंदवायचं, एवढंच आहे. साक्षीदार एका प्रश्नाला अर्धा तास बोलतो, त्यात त्याच्या सासऱ्याचं आजारपणही येतं. अधिकारी ते ऐकून त्याच्या भाषेत सांगतो, सगळीकडे असंच चालतं. आणि ‘ढकललं’ काय नि ‘बाजूला सारलं’ काय, हाताने माणूस हलवलाच ना?

गंगापूररोडवाली

@एचआर_पाथर्डीफाटा, मॅनेजरही हेच म्हणाले, अगदी याच शब्दांत.

अण्णा_नाशिकरोड

सारांशाचं म्हणणं बरोबर आहे, आदर्श स्थायी आदेशांत तसंच आहे आणि मीही सरतपासणी बऱ्याचदा सलगच लिहून घेत असे. साक्षीदार कुठे कामाला आहे, किती वर्षं, त्या दिवशी कोणत्या पाळीत होता, हे प्रश्नोत्तरांत लिहिण्यात पानं वाया जातात. सासऱ्याचं आजारपणही खुशाल गाळा, फक्त तो त्या दिवशी लवकर का निघाला याचं कारण तेच नसेल तर.

पण उलटतपासणीत उत्तराचा अर्थ प्रश्नाला चिकटलेला असतो. “हो” या उत्तराचा सारांश कसा करणार? म्हणून माझा नियम साधा होता. आरोपपत्रातल्या शब्दाच्या जवळपास बोलणं आलं की माझी भाषा बंद, साक्षीदाराची चालू. आरोप “धक्काबुक्की”चा आहे. मग हात, ढकलणं, सारणं, ओढणं, शिवी यातलं काहीही आलं की ते त्याच्याच तोंडचं लिहायचं. शिवी असेल तर शिवीही. एकदा एका अधिकाऱ्याने साक्षीत “अर्वाच्य भाषा वापरली” असं लिहून ठेवलं. पुढे वाद असा झाला की शब्द होता “येड्या”. त्यासाठी माणूस घरी घालवायचा का, हे ठरवायला शब्दच कागदावर नव्हता.

आणि सारलं-ढकललं एकच असेल तर मग जे बोलला तेच लिहायला हरकत काय? आपल्याकडे ढकलण्यात राग असतो. ताट बाजूला सारतो आणि ताट ढकलून उठतो, यातला फरक घरातल्या बाईला विचारा.

शिफ्ट_बी

अण्णा, माझं ऐका. माझी चौकशी झाली तेव्हा चार बैठका झाल्या आणि प्रत्येक वेळी कोऱ्या कागदाच्या तळाला सही घेतली. “आत्ता हाताने लिहिलंय, फेअर टाइप करून लावतो.” माझ्या भाच्याचं लग्न तोंडावर होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं, केल्या सह्या. बारा दिवसांनी गेटवर सिक्युरिटीने पाकीट दिलं, त्यात अकरा पानं. माझा साक्षीदार “मला आठवत नाही” म्हणाला होता, तिथं “होय, हे बरोबर आहे” छापलेलं. मी पत्र वगैरे काही दिलं नाही. कुणाला द्यायचं हेच माहीत नव्हतं.

पुढे लेबर कोर्टात तो साक्षीदार उभा राहिला आणि सांगितलं की मी असं बोललोच नव्हतो. माझी चौकशी योग्य झाली नाही असं कोर्टाने ठरवलं. मला वाटलं सुटलो! युनियनवाले दादा म्हणतात तसं पगारासकट आत. कसलं काय. कंपनीने कोर्टातच परत तेच साक्षीदार आणले, पहिल्यापासून.

युनियनवाला_सातपूर

तुमचा वकील कच्चा असेल.

कोर्टाच्या_पायऱ्या

वकील कच्चा नव्हता, कायदाच तसा आहे. कामगार न्यायालयात आधी एवढाच मुद्दा ठरतो की चौकशी रास्त आणि योग्य होती का. नव्हती असं ठरलं, आणि कंपनीने आपल्या कैफियतीत तशी मुभा मागून ठेवली असेल, तर तिला आरोप कोर्टासमोर नव्याने सिद्ध करता येतो. मुरलेले वकील ती ओळ हमखास घालून ठेवतात. म्हणजे चौकशी उडाली तरी आरोप उडत नाही. कामगाराच्या हाती लागतात ती वर्षं, ती कशी मोजायची ते ज्याचं त्याने ठरवावं.

दुसरं, प्रत्येक चुकीने चौकशी उडतही नाही. तारीख चुकली, नाव चुकलं, तर कोर्ट विचारतं की त्याने तुमच्या बचावाचं काय नुकसान झालं? अशा अंतर्गत चौकशीला पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम लागत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये हरियाणातल्या एका बस कंडक्टरच्या प्रकरणात हे स्पष्ट केलंय. पण ताईंच्या पानावरची चूक तारखेची नाही. आरोपच त्या क्रियापदावर उभा आहे.

युनियनवाल्या दादांचं अर्धं खरं आहे: बिनहरकत सही केली तर पुढे ती अंगावर येते. पण हरकत लिहून केलेली सही म्हणजे कबुली नव्हे. उलट सही न करता उठून गेलं तर कागदावर उरतं फक्त “नकार दिला”. कशाला नकार, हे कुठेच नाही.

शिफ्ट_बी

हेच म्हणत होतो. आम्ही शेवटी तडजोड केली. किती घेतले ते विचारू नका, बायको वाचते इथे.

गंगापूररोडवाली

म्हणजे मी “सही करण्यास नकार दिला” लिहूच नको का? तो तर खरंच म्हणाला, करणार नाही.

अण्णा_नाशिकरोड

लिहा, पण अर्धं लिहू नका. आणि तुम्ही नाही, अधिकाऱ्याने सांगून लिहायचं. चौकशीच्या खोलीत लेखनिकाचं स्वतःचं वाक्य नसतं, ते मॅनेजरचंही नसतं. त्या खोलीत मॅनेजर कोण? व्यवस्थापन प्रतिनिधी असेल तर तो एक पक्षकार, नसेल तर तो तिथे का होता?

आता बैठकीत काय व्हायला हवं होतं ते सांगतो. नकार आला की अधिकाऱ्याने त्याला कारण विचारायचं. तो म्हणेल, “मी ढकललं म्हणालो नाही.” मग अधिकाऱ्याने आपली टिपणं बघायची. स्वतःलाही तसंच आठवत असेल तर तिथल्या तिथे दुरुस्ती. चुकीच्या शब्दावर एकच रेघ, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, वर बरोबर शब्द, आणि समासात सगळ्यांच्या छोट्या सह्या. पांढरा रंग लावायचा नाही, पानही बदलायचं नाही. लॅपटॉपवर असेल तर मोह जास्त, गुपचूप बदलून नवी प्रिंट काढली की पहिली प्रिंट कुठे गेली हा वाद सुरू. मी तरी पहिल्या प्रिंटवरच पेनाने दुरुस्ती करायला लावत असे.

अधिकाऱ्याला तसं आठवत नसेल, किंवा दुसरी बाजू म्हणत असेल की तो ‘ढकललं’च म्हणाला, तर ओळीला हात लावायचा नाही. खाली तिघांचं लिहायचं. कामगार म्हणतो मी असं बोललो, व्यवस्थापन प्रतिनिधी म्हणतात तो तसं बोलला, अधिकाऱ्याने ऐकलं ते असं. मग तो सही करतो का ते पुन्हा विचारायचं. शंभरात नव्वद जण इथे सही करतात, कारण माणसाला सहीची भीती नसते, आपलं म्हणणं कुठेच राहिलं नाही याची असते. तरीही नाही म्हणाला तर “वाचून दाखवले, अमुक कारण सांगून सही नाकारली, प्रत दिली”, वेळ टाकायची आणि हजर असलेल्यांच्या सह्या घ्यायच्या. प्रत मिळाल्याची सही वेगळी घ्यायची. पुष्कळ कामगार मजकुरावर सही करत नाहीत पण पोच देतात, आणि आमचे एचआरवाले दोन्हीला एकच कागद पुढे करून भांडण वाढवतात.

एचआर_पाथर्डीफाटा

आणि मग प्रत्येक साक्षीदार उलटतपासणीत अडचणीत आला की संध्याकाळी म्हणणार, मी असं बोललोच नव्हतो, दुरुस्ती करा. त्याचं काय?

अण्णा_नाशिकरोड

हा प्रश्न फार चांगला आहे, आणि चुकतात ते इथेच.

नोंद चुकली तर ती दुरुस्त करायची. उत्तर चुकलं तर ते दुरुस्त करायचं नाही. माणूस “सात वाजता” बोलला आणि आपण “नऊ” लिहिलं तर रेघ मारून सात करा. पण तो “नऊ” बोलला, लिहिलंही नऊ, आणि वाचताना म्हणतो “अरे हो, सातच होते”, तर नऊ तसंच राहतं. त्याखाली नवीन ओळ: वाचून दाखवताना साक्षीदार सांगतो की वेळ सात होती, नऊ चुकून सांगितली. दुसऱ्या बाजूला त्यावर प्रश्न विचारू द्यायचे. त्याने बदल का केला, यातून अधिकाऱ्याला पुष्कळ कळतं. ते खोडून टाकलं तर तेच हातचं गेलं.

ओळखायचं कसं? बोलणं आणि वाचणं यांत जितका कमी वेळ, तितकं सोपं. म्हणून मी जेवणाच्या आधी एकदा आणि शेवटी एकदा वाचून घेत असे, पान भरलं की पानावर सही. साडेपाचला नऊ पानं एकदम पुढे टाकली की घरी जायच्या घाईत माणूस एकतर सगळं सही करतो नाहीतर काहीच करत नाही.

देवळालीचा_इंजिनिअर

२०२५ उलटलं तरी तुम्ही रेघा मारताय? मोबाईल टेबलावर ठेवा, रेकॉर्ड करा, वाद संपला. सारलं की ढकललं, लावा आणि ऐका.

युनियनवाला_सातपूर

+१. आमच्या माणसाच्या खिशात चालूच असतो.

कोर्टाच्या_पायऱ्या

सगळ्यांना सांगून, पहिल्याच बैठकीत नोंद करून केलं तर करा. पण फाईल मग कोणाच्या ताब्यात, प्रत दोघांना त्याच दिवशी मिळाली का, मधले चहाचे दहा मिनिटं बंद केलं होतं का, हे सगळं लिहावंच लागतं. खिशातलं रेकॉर्डिंग बाहेर काढलंत की पहिला तास ते कसं केलं यावरच जातो.

अण्णा_नाशिकरोड

मी एकदाच परवानगी दिली होती. चार तासांचं रेकॉर्डिंग झालं, मागे प्रेस चालू, निम्मं ऐकूच येईना. सही कागदावरच झाली.

देवळालीचा_इंजिनिअर

माईक बरा घ्यायचा. तुमचा अनुभव जुना आहे अण्णा. मला पटलं नाही.

अण्णा_नाशिकरोड

नका पटू देऊ. माईक बरा असेल तर मलाही ऐकायला आवडेल.

गंगापूररोडवाली, एक विचारायचं राहिलं. सुपरवायझरची उलटतपासणी झाली तेव्हा गार्डबद्दल काही आलं होतं का?

गंगापूररोडवाली

हो, आत्ता फाईल काढून बघितलं. दुसऱ्या बैठकीत. बचाव प्रतिनिधीने विचारलं होतं की गार्ड खाली होता का. पानावर आहे: “गार्डची स्थिती मला निश्चित सांगता येणार नाही.” वहीत मात्र आहे: “वर असेल, डाय बघत होतो मी.” अण्णा, मी तेव्हा हे बघितलंच नव्हतं. म्हणजे हे एकाच पानाचं नाही.

अण्णा_नाशिकरोड

“वर असेल, डाय बघत होतो” आणि “निश्चित सांगता येणार नाही”. बघा, पहिल्यात कामगाराच्या गोष्टीला टेकू आहे. दुसऱ्यात तो काढून घेतला. तुमचे वकील वाईट माणूस असतील असं मी म्हणत नाही. कोर्टात वर्षानुवर्षं काम करून कानाला तशी सवयच लागते, बोली ऐकली की तोंडातून दस्तऐवजी मराठी निघते. माझंही व्हायचं. पण नेमकं एकाच बाजूचं सगळं गुळगुळीत होत गेलं तर मग बघणाऱ्याने काय समजावं?

त्या पानावर सुपरवायझरची आणि कामगाराची सही झाली आहे का?

गंगापूररोडवाली

दोघांचीही झाली आहे. बिनहरकत.

अण्णा_नाशिकरोड

मग ते पान तसंच राहणार. बचाव प्रतिनिधीला हवं तर सुपरवायझरला पुन्हा बोलवा असा अर्ज करता येईल. देणं न देणं अधिकाऱ्यावर, नाकारलं तर कारण लिहायचं. तिसऱ्या बैठकीच्या पानाचं मात्र अजून हातात आहे. तुम्ही अधिकाऱ्यांना सरळ फोन करू नका, एका बाजूच्या माणसाने बंद दाराआड अधिकाऱ्याशी बोलणं हेच मुळात नको. पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर एवढंच म्हणा की त्या पानावरची सही राहिली आहे आणि कामगाराची हरकत नोंदवायची राहिली आहे. तुम्ही लेखनिक आहात, हे सांगणं तुमच्या कामातच येतं. वहीचा विषय तुम्ही काढू नका. पण कोणी विचारलं तर नाही म्हणू नका, आणि पान फाडू तर मुळीच नका.

कॉलेजरोडची_मावशी

अगं बाई, नोकरी सांभाळून कर जे काही करायचं ते. अण्णांचं ठीक आहे, ते पेन्शनीत आहेत.

शिफ्ट_बी

मावशी बरोबर बोलल्या. पण ताई, माझ्या चौकशीत लॅपटॉपवर बसलेल्या पोराने तेव्हा तोंड उघडलं असतं ना…

गंगापूररोडवाली

काल बैठक झाली. सगळं सांगते.

बचाव प्रतिनिधी पत्र घेऊनच आला होता, अधिकाऱ्यांच्या नावे, दुसऱ्याच दिवशीच्या तारखेचं, टपालाची पोचपावती जोडलेली. (त्याला कोणी शिकवलं माहीत नाही. तो इथे वाचत असेल तर नमस्कार.) पत्रात चारच ओळी होत्या. पान सात, उत्तर अमुक, मी असं बोललो नव्हतो, मी असं बोललो होतो, प्रश्नही लिहावा.

वकीलसाहेब आधी जरा तापले. “मी ऐकलं तेच सांगितलं.” आमचे व्यवस्थापन प्रतिनिधी म्हणाले, हा आता घरी जाऊन विचार करून जबाब सुधारतोय. मग वकीलसाहेबांनी स्वतःच मला विचारलं, “तुम्ही काही टिपलं होतं का?” मी हो म्हणाले. वही पुढे केली. त्यांनी वाचलं, बराच वेळ वाचलं. प्रतिनिधींनी हरकत घेतली की ही खासगी वही आहे, कामकाजाचा भाग नाही.

शेवटी ठरलं ते असं. पान सातवरची ओळ तशीच ठेवली. पान नऊवर नोंद झाली: मूळ प्रश्न काय होता, कामगाराच्या म्हणण्याप्रमाणे उत्तर काय, व्यवस्थापन प्रतिनिधींची हरकत काय, आणि लेखनिकाच्या टिपणात हे शब्द आढळले, टिपणाला पुराव्याचं किती वजन द्यायचं ते अहवालाच्या वेळी ठरवलं जाईल. कामगाराने सही केली. त्याने स्वतःच्या हाताने, अडखळत, लिहिलं: “पान ७ वरील उत्तराला हरकत, पान ९ पाहावे.” प्रत त्याला तिथेच दिली, वेळ चार वाजून दहा मिनिटं. त्यानंतरची उलटतपासणी प्रश्नोत्तरांत लिहिली. तीन पानं जास्त झाली, एवढंच.

सुपरवायझरला परत बोलवायचा अर्ज प्रलंबित आहे.

युनियनवाला_सातपूर

ओळ बदलली नाहीच ना शेवटी? मग काय मिळालं?

कोर्टाच्या_पायऱ्या

पुष्कळ मिळालं. अहवालात अधिकाऱ्याला आता “कामगाराने कबूल केले” असं नुसतं लिहून पुढे जाता येणार नाही. पान नऊ का मानलं किंवा का मानलं नाही, हे सांगावंच लागेल. आणि शिक्षा ठरायच्या आधी त्या अहवालाची प्रत कामगाराला द्यावी लागते, १९९३ पासून सर्वोच्च न्यायालयाचं ते स्पष्टच आहे. तेव्हा त्याला परत बोलता येईल.

एचआर_पाथर्डीफाटा

वहीचं मला अजूनही पटत नाही. उद्या प्रत्येक लेखनिक आपली वही काढेल, मग अधिकारी कशाला? पण प्रश्नोत्तरांचं मान्य. आमच्याकडे पुढच्या चौकशीत सांगून बघतो.

गंगापूररोडवाली

आणखी एक. आज सकाळी मॅनेजर म्हणाले, ती वही फाईलला लावायला दे. आवाज नेहमीचाच होता, पण मला कसंतरीच वाटलं. त्यात बाकीच्या बैठकांचंही आहे, आणि मागे दोन पानं माझ्या किराण्याची यादी आहे. देऊ का?

अण्णा_नाशिकरोड

कंपनीच्या कामात लिहिलेली वही कंपनीने मागितली तर अडवता येणार नाही. पण तोंडी नको. सगळ्या पानांची झेरॉक्स काढा, किराण्यासकट, आणि पोच घेऊन द्या. त्यांना सांगा की ही अधिकाऱ्यांच्या ताब्यात असावी असं मला वाटतं, आणि तसं त्या पोचेवरच लिहा. पानांना नंबर टाकलेत का?

गंगापूररोडवाली

आत्ता टाकले.

अण्णा_नाशिकरोड

मग त्याखाली आजची तारीखही टाका. नंबर नंतर टाकलेत हे दिसू द्या.